चार साक्षी आणि एक थाप

मंगळवार, ४ फेब्रुवारी

धाकटीच्या कादंबरीची मुद्रिते आज छापखान्यातून आली. एकशे ब्याण्णव पृष्ठे. सोबत तिची चिठ्ठी: "बाबा, फक्त शुद्धलेखन बघा. बाकी कशालाही हात लावू नका. शनिवारी, पंधरा तारखेला, छपाईला जाणार आहे." शेवटून दुसऱ्या वाक्याखाली तिने रेघ ओढली आहे. एकेचाळीस वर्षे मुद्रिते तपासणाऱ्या माणसाला मुलगी काम समजावून सांगते, यात कौतुक किती आणि उद्धटपणा किती, हे ठरवणे कठीण आहे. छापखान्यात मला माघारी 'काना-मात्रा' म्हणत. मला ते नाव कधी लागले नाही. काना चुकला की माणूस चुकतो.

टेबल खिडकीपाशी सरकवले. तांबडी पेन्सिल तासली. लोखंडी पट्टी पुसून घेतली. ती एकेका ओळीखाली धरली म्हणजे डोळा खालच्या ओळीवर घसरत नाही. तिचा एक कोपरा वाकला आहे. तरी ओळ सरळ धरते.

हिने चहा ठेवला आणि मुद्रितांकडे न पाहता निघून गेली. कादंबरीचा विषय काय, असे मी विचारले, तर म्हणाली, "वाचा की. वाचायलाच बसला आहात ना?"

बुधवार, ५ फेब्रुवारी

पहिले प्रकरण संपवले. एक नकाशे काढणारा गृहस्थ स्वतः हकिगत सांगतो. एका दुपारी त्याच्या लक्षात येते, की सतरा वर्षांच्या मुलाने त्याच्या पूर्ण झालेल्या नकाशावर एक विहीर काढली आहे. विहीर जागेवर खरोखर आहे. सरकारी मोजणीत मात्र नाही. बाप मुलाला जाब विचारतो. मुलगा म्हणतो, "आहे ती दाखवली." मग बाप त्याला लाकडी पट्टीने मारतो. "तीन वाजून दहा मिनिटांनी मी पट्टी उचलली. चार फटके मारले. चौथ्यानंतर पट्टी जागेवर ठेवली आणि हात धुतले." इतकेच.

गद्य उत्तम आहे. वेळ, अंतर, आकडा, सारे नेमके. असा माणूस खोटे बोलणार नाही. धाकटीला हा साक्षेप कुठून आला, हे सांगण्याची गरज नाही.

धाकटीने बापाला नकाशे काढणारा केला आहे, म्हणजे हा कुणी दुसरा आहे, हे उघड आहे.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आज उरलेली तिन्ही प्रकरणे वाचली आणि डोके भणभणले. तीच दुपार पुन्हा तिघे सांगतात, आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही.

आई स्वयंपाकघरातून सांगते. तिच्या हकिगतीत घड्याळ नाही, दूध आहे. दूध वर आले, उतू गेले, करपले, विझले, तोवर मारणे चालू होते. ती अकरा फटके मोजते. काही वाक्ये मला सहन झाली नाहीत: "पोरगा आधी टेबलाला धरून उभा होता. मग गुडघ्यांवर आला. मग त्याने दोन्ही हात डोक्यावर घेतले, तेव्हा हातांवर. मग हात खाली पडले. कानातून रक्त आलं ते मानेवरून सदऱ्याच्या कॉलरमध्ये गेलं, आणि पट्टी थांबली नाही." शिवाय ती म्हणते, की दारावर थाप पडली तेव्हा तिने धावत जाऊन दार उघडले.

तिसरे प्रकरण खालच्या मजल्यावरच्या शिंप्याचे. त्याने काही पाहिलेले नाही, फक्त ऐकले. त्याला वाटले, वर कुणी गादी झोडते आहे. त्याला चार आवाज ऐकू आले. तो वर गेला, तीनदा थाप मारली, कुणी दार उघडले नाही, म्हणून खाली येऊन पुन्हा मशीनवर बसला.

शेवटचे मुलाचे, आणि ते जेमतेम तीन पानांचे. त्याला फटका आठवतो तो एकच. "त्यानंतर विहिरीत उतरल्यासारखा आवाज. मी फरशीवर होतो. एक कान फरशीला. थाप ऐकू नाही आली. फरशीतून आली, दातांपर्यंत. हात थांबला. मग पुन्हा नाही थांबला."

आणि पुस्तक तिथेच संपते. खरे काय घडले, हे सांगणारे पाचवे प्रकरण नाही. न्यायाधीश चार साक्षी ऐकतो आणि निकाल न देता उठून जेवायला जातो, असा हा प्रकार आहे.

कागदावर चार रकाने आखले आणि विसंगतींची यादी केली. फटके: चार, अकरा, चार, एक. दार: आईच्या मते उघडले, शिंप्याच्या मते नाही. थापा: आईच्या हकिगतीत एक, शिंप्याच्या तीन, मुलाच्या एक. बापाच्या रकान्यात थापेपुढे जागा कोरी राहिली. लेखिकेची नजरचूक.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आज दिवसभर दुरुस्त्या केल्या. हात लावू नका, असे ती म्हणाली होती. परंतु चारजण चार आकडे सांगतात अशी कादंबरी छापली गेली, तर लोक मुद्रितशोधकाला हसतील. काम करायचे ते कसून.

फटक्यांचा आकडा चार ठरवला. बाप मोजणारा, शिंपी ऐकणारा. दोघांचे एकमेकांशी बोलणे नाही, तरी दोघांचा आकडा एकच. याहून भक्कम पुरावा कोणता? आई घाबरलेली, घाबरलेला माणूस राईचा पर्वत करतो. ज्याला लागले तोही अकरा म्हणत नाही. म्हणून आईचे अकरा खोडून चार केले, मुलाच्या 'एकच'च्या जागी 'चार' घातले. दार बंदच ठेवले. आईचे धावणे काढले. थापा सर्वत्र एक. आणि बापाच्या प्रकरणात, चौथ्या फटक्याच्या आधी, एक वाक्य समासात लिहून घातले: "दारावर काहीसे वाजले, ते वाऱ्याने असावे."

आता चारही प्रकरणे एका ओळीत उभी आहेत. मनाला बरे वाटले.

ही म्हणाली, "झालं का वाचून?" मी म्हटले, झाले, आता चौघे एकच बोलतात. तिने माझ्या पेन्सिलीकडे पाहिले. मग म्हणाली, "तुमच्यापुढे चौघे नेहमी एकच बोलतात." अर्थ लागला नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

मुद्रिते छापखान्यात स्वतः पोहोचवली. अक्षरे जुळवणाऱ्या जुळाऱ्याने पाने चाळली आणि म्हणाला, "काका, लालच लाल केलंत. बाईंना विचारलंत ना?" मी त्याला सांगितले, की बाई माझी मुलगी आहे.

येताना थोरल्या मुलाचा विचार मनात आला. एकवीस वर्षे तो या घरी आलेला नाही. धाकटी त्याला भेटते. पुस्तकाची पहिली प्रत त्यालाच देणार आहे, असे हिच्याकडून कळले. त्याला उजव्या कानाने ऐकू येत नाही. जन्मतःच थोडे कमी येत असावे.

बुधवार, १२ फेब्रुवारी

धाकटी दुपारी आली. छापखान्यातून थेट. मुद्रितांचा गठ्ठा तिने टेबलावर टाकला. तिने जे म्हटले ते शक्य तितके जसेच्या तसे लिहितो, कारण त्यातील काही भाग, मान्य करावे लागेल, तर्कशुद्ध होता.

ती म्हणाली, की विसंगती तिला ठाऊक आहेत. तिने त्या एकेक करून पेरल्या आहेत. बापाला पहिले प्रकरण दिले, कारण वाचकाने आधी त्याच्यावर विश्वास ठेवावा. घड्याळ आणि आकडे सांगणाऱ्यावर सगळेच ठेवतात. मग आईचे दूध येते आणि वाचक चुळबुळतो. मुलगा शेवटी येतो, म्हणजे वाचकाला उलटे जाऊन पहिले प्रकरण पुन्हा वाचावे लागते. तीच वाक्ये, एक अक्षर न बदलता, आता निराळी वाचली जातात. 'हात धुतले' हे आधी नीटनेटकेपणाचे वाटले होते. निकाल लेखिकेने द्यायचा नाही; तो वाचकाच्या हातून घडायला हवा, नाही तर वाचक नुसता प्रेक्षक राहतो.

मी म्हटले, चौघांपैकी खरे कोण, ते तरी सांग.

"नकाशाचे पातळ कागद एकावर एक ठेवतात ना, तसे ठेवा आणि उजेडाकडे धरा, बाबा. जिथे एकमेकांचे वैरीसुद्धा जुळतात, ते घडलेलं. जिथे फाटतात, तिथे सांगणारा दिसतो. आईनं दार उघडलं नाही; उघडायला हवं होतं, म्हणून ती उघडलं म्हणते. शिंपी एकदा थाप मारून पळाला. तो तीनदा म्हणतो. प्रत्येकजण जिथे लाज वाटते तिथे चांगला होतो. तुम्ही सगळ्यांची लाज पुसून टाकलीत."

मुलाचे काय, असे मी विचारले. तो एकच म्हणतो.

"पुढचे फटके त्याला वेगळे आठवत नाहीत म्हणून एकच. तुम्ही त्याचे चार केलेत. अर्धवट शुद्धीतल्या पोराला मोजायला लावलंत."

आणि बापाची कोरी जागा?

"ती चूक नाही. तिघांनी सांगितलेली थाप चौथा गाळतो, तर वाचकाला कळतं की त्यानं ती ऐकली होती. न ऐकलेली गोष्ट कुणी इतकी स्वच्छ गाळत नाही." मग तिने ते पान काढून माझ्यासमोर धरले. "एक विचारू? तुम्ही इथे वारा का घातलात? माझ्या पुस्तकात वारा कुठेच नाही. शिंप्याच्या प्रकरणात तर मी लिहिलंय की त्या दिवशी पान हलत नव्हतं."

मी म्हटले, सुसंगतीसाठी.

"मी तेव्हा सात वर्षांची होते आणि शाळेत होते. आईनं सांगितलं, दादानं सांगितलं, शिंपीकाकांनी सांगितलं. तुम्ही एकवीस वर्षांत एक शब्द बोलला नाहीत. हा वारा ही तुमची पहिली साक्ष आहे, बाबा. म्हणजे तुम्ही ऐकली होती."

मी तिला सांगितले, की मोठ्या माणसांशी कसे बोलावे हे शिकून ये. पट्टी जराशी जोराने टेबलावर ठेवली. पेला पडून फुटला. धाकटी गठ्ठा तसाच टाकून निघून गेली.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

काल मी पट्टी एकदा ठेवली. हे मी काल लिहिले आहे आणि आज वाचूनही पाहिले.

सकाळी दूध आणायला उतरलो, तर खालचे शिंपीबुवा मशीनवरून उठले. हा मनुष्य सत्याहत्तर वर्षांचा आहे आणि कुणाच्या वाऱ्याला उभा राहत नाही. मला म्हणाले, "काल काय आपटत होता? तीनदा ऐकू आलं. मी जिन्यापर्यंत आलो होतो." मग मान खाली घालून सुईत दोरा ओवू लागले. दोरा आधीच ओवलेला होता.

वर आलो. ही काचा टिपत होती. मी तिला विचारले, काल मी पट्टी किती वेळा आपटली?

"पाच."

शिंपीबुवांनी तीन ऐकल्या, असे मी म्हटले.

"त्यांना तीनच ऐकू येणार," ती म्हणाली, वर न पाहता. "दोन तिच्या हातावर बसल्या. माणसाच्या अंगाचा आवाज खाली जात नाही."

टेबलाच्या कडेला मुद्रितांच्या पहिल्या पानावर एक डाग आहे. मला तो काल तांबड्या पेन्सिलीचा वाटला होता.

मग रकान्यांचा कागद काढला. शिंप्याने चार ऐकले. फरशीवर, टेबलावर, भिंतीवर बसलेले चार. उरलेले ऐकू येण्यासारखे नव्हते. बापानेही चार मोजले. तोही फक्त आवाजच मोजत होता. दोन साक्षी जुळल्या म्हणून मी त्यांना सत्य मानले. त्या दोन निरनिराळ्या कारणांनी बहिऱ्या होत्या.

हिला विचारले, त्या दिवशी किती? अकरा का?

"मी अकरापर्यंत मोजलं. मग मोजणं सोडलं."

आणि दार?

ती झाडू हातात घेऊन उभी राहिली. "थाप पडली. माझा हात कडीवर होता. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी कडीवरचा हात काढला." काचा सुपलीत ओढत म्हणाली, "धाकटीला मी उघडलं असं सांगितलं. तिला कळलं. पुस्तकात तिनं मला उघडू दिलं."

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आज लिहायचे ते लिहून ठेवतो. ही वही कुणी तपासणार नाही.

विहीर नव्हती. एका इतिहासाच्या पुस्तकाचे मुद्रित होते. लेखकाने एका गावाच्या जाळपोळीत माणसे मेल्याचे आकड्यासह लिहिले होते. दुसऱ्या प्रकरणात तो आकडा नव्हता, म्हणून सुसंगतीसाठी मी ते वाक्य काढले. थोरल्याने खोडरबराने माझी तांबडी रेघ पुसली आणि समासात लिहिले: "मेली होती." मी विचारले, तर म्हणाला, "लेखकानं लिहिलंय ते खोटं आहे का?" सतरा वर्षांचा होता. ओठांवर नुकती लव आली होती.

पहिला फटका मी पट्टीच्या कडेने मारला. तो कानावर बसला. थोरला पडताना टेबलाचा कोपरा धरू पाहत होता. मी बोटांवर मारले, बोटे सुटली. त्यानंतर तो फरशीवर होता आणि मी वाकून मारत होतो. पट्टी फरशीला लागली तेव्हा तिचा कोपरा वाकला. ती मी टाकून दिली नाही. एकवीस वर्षे तिच्यावर ओळी सरळ धरल्या.

मग थाप पडली. मी थांबलो. हात वर तसाच. ऐकले. हिचा हात कडीवर होता, तिच्याकडे पाहिले. खाली पावले गेली. मी पुन्हा सुरू केले. किती, ते मला ठाऊक नाही. हे पाच शब्द लिहायला मला सबंध सकाळ लागली.

वारा नव्हता.

दुपारी मुद्रिते पुढे घेतली. पट्टी न धरता. एखादी दुरुस्ती रद्द करायची असेल, तर खोडलेल्या शब्दाखाली टिंबे देतात आणि समासात 'तसेच ठेवा' लिहितात. उमेदवारीच्या वर्षी मी हे शिकलो, आणि एकेचाळीस वर्षांत ते लिहिण्याची वेळ माझ्यावर फार क्वचित आली. आज एकशे सदतीस ठिकाणी लिहिले. आईच्या अकराखाली टिंबे: तसेच ठेवा. तिच्या धावण्याखाली: तसेच ठेवा. शिंप्याच्या तीन थापांखाली, मुलाच्या 'एकच'खाली: तसेच ठेवा. बापाच्या चार फटक्यांना मी मुळातच हात लावला नव्हता. ते तसेच आहेत. माझे वाऱ्याचे वाक्य इतके खोडले, की कागद फाटला.

एक मोह झाला, तो नोंदवतो. बापाच्या प्रकरणात खरी थाप घालावी असे वाटले: ऐकली, थांबलो, पुन्हा सुरू केले. पेन्सिल टेकवलीही. परंतु त्याने तिथे सांगितले, तर मुलाच्या तीन पानांचे ओझे हलके होईल आणि बाप भला माणूस होईल. तो त्या पानावर भला नाही. त्याची कोरी जागा कोरीच राहिली पाहिजे. ती भरायची तर मी या वहीत भरावी, त्याच्या प्रकरणात नव्हे. वाचकाने तिथपर्यंत परत यावे आणि जागा कोरी आहे हे स्वतः पाहावे.

अशुद्धे नऊ सापडली. तेवढी दुरुस्त केली. तेवढेच सांगितले होते.

शनिवार, १५ फेब्रुवारी

धाकटी वर येणार नाही, असा हिला निरोप आला. हाताला दोन टाके पडले आहेत. मुद्रिते शिंपीबुवांकडे ठेवा, तिथून ती छापखान्यात नेईल.

गठ्ठा बांधत होतो तेव्हा दारावर थाप पडली. ही दाराजवळच होती. तिचा हात कडीकडे गेला, आणि तिने माझ्याकडे पाहिले. एकवीस वर्षे ती प्रत्येक थापेला अशीच पाहत आली असावी. मी आज पहिल्यांदा पाहिले. उठलो, तिच्यापुढून गेलो आणि दार मी उघडले.

शिंपीबुवा होते. पायऱ्या चढून धाप लागली होती. मी खुर्ची दिली. त्यांनी ती घेतली नाही.

"धाकटी म्हणाली, गठ्ठा घेऊन या. म्हटलं, आज तरी पूर्ण वर जाऊ."

मी गठ्ठा त्यांच्या हातात दिला. मग विचारले, की त्या दिवशी त्यांनी थाप किती वेळा मारली होती.

त्यांनी गठ्ठा छातीशी धरला. "पुस्तकात किती आहे?"

"तीन."

"एक," ते म्हणाले. "एकदाच. तिकडून आवाज थांबला. मला वाटलं, झालं. मग पुन्हा आला, तेव्हा मी अर्ध्या जिन्यात होतो. मशीन चालू केलं, म्हणजे ऐकू येणार नाही. पोरीला तीन सांगितलं. आता छापायच्या आधी एक करून घ्या. तुमच्याकडे पेन्सिल आहे."

पेन्सिल खरोखरच माझ्या हातात होती. मी ती खिशात ठेवली आणि त्यांना म्हटले, पुस्तकात तीनच राहू द्या. पोरीला सगळे ठाऊक आहे.